वहिनीचं लग्न आणि दादाची पेन्शन

माझी वहिनी घाबरट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तिने जे केलं त्याचं मोल कळेल. ती कुत्र्याला घाबरते, गॅसच्या वासाला घाबरते आणि शिक्का मारलेल्या कुठल्याही कागदाला तर फारच घाबरते. वीजबिल आलं की मागच्या बाजूची बारीक अक्षरं मला वाचायला लावते आणि विचारते, "वन्सं, यात कुठे माझी चूक तर निघत नाही ना?" वीजबिलात हिची कसली चूक निघणार? पण विचारल्याशिवाय तिला घास गिळत नाही.

तीच बाई दादा गेला तेव्हा मात्र खांबासारखी उभी होती. माझा मोठा भाऊ पाणीपुरवठा खात्यात पंपचालक होता. पंपघरातच छातीत कळ आली आणि तिथेच संपला. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आई भिंतीला डोकं टेकून बसली होती, आणि वहिनी त्याचे बूट पुसून कपाटात ठेवत होती. मला तेव्हा तिचा रागच आला. नंतर कळलं, काही माणसांना हात रिकामे राहिले की भीती वाटते.

दादा नोकरीत असताना गेला, म्हणून दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे वहिनीला कुटुंब पेन्शन सुरू झाली. दुसरी म्हणजे खात्याकडून पत्र आलं, की मयताच्या जागी घरातल्या कोणाला नोकरी हवी असेल तर अर्ज करा. वहिनी बारावी झालेली, अक्षर सुबक, आकडेमोड चोख. पाणीपट्टीच्या खिडकीवर तिला सहज घेतलं असतं. पंपघरातले दादाचे सोबती तर घरी येऊन सांगून गेले, "वहिनी, जागा आहे, फक्त हो म्हणा."

आणि इथे आमचे काका आले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, सरकारी छापखान्यात हेडक्लार्क होते. निवृत्त होऊन पुष्कळ वर्षं झाली, पण हेडक्लार्कपणा काही निवृत्त झाला नाही. घरात कोणाला शिंक आली तरी काका कुठलं तरी कलम सांगतात. ते आरामखुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "हे बघ सूनबाई, पेन्शन किंवा पगार, दोन्हीतलं एकच. पगार घेतलास की पेन्शन बंद. नोकरीचा काय भरवसा? पेन्शन मरेपर्यंत."

"पण काका, पंपघरातले लोक तर म्हणत होते..."

"पंप चालवणाऱ्यांनी पंप चालवावा. आमच्या छापखान्यातल्या एकाच्या मुलीला बापाची पेन्शन होती. शाळेत नोकरी धरली आणि पेन्शन गेली. वर घेतलेलं सगळं वसूल केलं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

डोळ्यांनी पाहिलंय म्हटल्यावर बोलणंच खुंटलं. आईने मान डोलावली. हातचं सोडून पळत्याच्या मागे कशाला लागायचं, असं सगळ्यांनाच वाटलं. वहिनीने नकाराच्या पत्रावर सही केली आणि बाजारातल्या शिंप्याच्या दुकानात पिको-फॉलला बसायला लागली. तिथेही ती घाबरतच बसायची. शिंपी तिच्या कामाचे पैसे रोख हातात द्यायचा आणि ती त्याला दर वेळी विचारायची, "हे कुठे लिहीत नाही ना?"

पेन्शनवर काय काय चालायचं? आईची रक्तदाबाची औषधं, घरभाडं आणि माझ्या भाचीची शाळा. भाचीला आम्ही चिमणी म्हणतो, पण ती चिवचिवत नाही, टोचते. गणितात पहिली आणि उत्तर द्यायला त्याहून पहिली. वहिनीचं शिवण म्हणजे मीठ-मिरचीपुरतं. तेव्हा घर खरं दादाच चालवत होता, मेल्यानंतरसुद्धा.

मग घड्याळवाले आले. शिंप्याच्या शेजारी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, अंग वळवायलाही जागा नाही एवढं. पोरवयात वडील गेले, बहिणींची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलं. डोळ्याला भिंग लावून दिवसभर इवल्याशा चाकांशी बोलत बसणारा माणूस. त्यांची आणि वहिनीची ओळख कशी वाढली ते मला ठाऊक नाही आणि विचारलंही नाही. एवढंच दिसलं, की आमच्या घरातलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ चालू झालं, मग चिमणीचं मनगटी, मग आईचा गजर. बंद पडलेली घड्याळं संपली तेव्हा चिमणीच म्हणाली, "आई, आता त्यांना जेवायलाच बोलाव, नाहीतर मला घड्याळं पाडून फोडावी लागतील."

आईला कसं सांगायचं, याचाच आम्हाला घोर होता. सुनेने दुसरं लग्न करायचं म्हणजे सासूने काय समजायचं? पण आई म्हणाली, "माणूस चांगला आहे. पायातला काटा काढतो तसं हळू बोलतो." आणि मग जरा थांबून, "मला कुठे पाठवणार नाहीस ना?" वहिनी म्हणाली, "आई, तुम्ही कुठे जाणार? तुम्ही गेलात तर मला रागवायचं कोणी?"

लग्न माझ्या घरी लागलं, रीतसर, चार माणसांत. साक्षीला मी, माझे यजमान, घड्याळवाल्यांची थोरली बहीण आणि काका. जेवणं झाली आणि काकांनी पुन्हा चष्मा पुसला. चष्मा पुसला की मला धडकीच भरते. "नोंदणी तेवढी करू नका. नोंद नाही तर कागदोपत्री लग्न नाही. लग्न नाही तर पेन्शनला धक्का नाही. पोरगी शिकून मार्गाला लागू दे, मग करा काय ती नोंदणी. आणि तोवर एका घरात राहू नका. लोक बघतात."

घड्याळवाले म्हणाले, "काका, मला पेन्शन नको. पण मी चोरासारखा नांदणारही नाही."

"तुम्हाला नकोय हो. म्हातारीच्या औषधांना हवीये. पोरीच्या शाळेला हवीये. तुमच्या दुकानात निघतात का एवढे?"

दुकानात निघत नव्हते. मोबाईल आल्यापासून मनगटावर घड्याळ बांधतो कोण?  वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी ताटं उचलायला लागले, कारण खरं सांगायचं तर मला काकांचंच पटलं होतं. आईला माझ्याकडे आणायचं म्हटलं तर मी एका खोलीत राहते, तिथे आमच्याच उशा एकमेकांवर चढतात.

तेव्हापासून ते विचित्र नांदणं सुरू झालं. घड्याळवाले संध्याकाळी दुकान बंद करून वहिनीकडे जेवायला यायचे, चिमणीचा अभ्यास घ्यायचे, आईच्या गोळ्या डबीत लावून ठेवायचे आणि पाहुण्यासारखे चपला घालून दुकानामागच्या खोलीत झोपायला जायचे. स्वतःच्या बायकोच्या दारात रोज निरोप घेणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही. वहिनी दार लावायची आणि खिडकीच्या फटीतून पाहायची, ते गेले का हे नाही, कोणी पाहिलं का हे.

भीती तिच्या अंगातच मुरली. पोस्टमन आला की ही आतून कडी लावायची. शिंप्याच्या दुकानात कोणी अनोळखी बाई माप द्यायला आली, की ही नंतर मला फोन करायची, "वन्सं, ती खात्यातली तर नसेल?" खात्याला दुसरे उद्योग नाहीत का, असं मी म्हणायचे, पण रात्री मलाही वाटायचं, नसेलच कशावरून? बँकेत दर महिन्याला पैसे जमा झाल्याचा निरोप फोनवर यायचा. पूर्वी तिला तो आला की बरं वाटायचं. आता ती फोन उपडा ठेवून द्यायची. दादाचेच पैसे, पण चोरून खाल्ल्यासारखे लागायचे. एकदा मला म्हणाली, "त्यांना कळलं असतं तर ते काय म्हणाले असते, लग्न केलं म्हणून रागावले असते की लपवलं म्हणून?" दादा कशालाच रागावला नसता. तो पंपाच्या आवाजात आयुष्य काढून जरा कमीच ऐकायचा आणि सगळ्याला हो म्हणायचा.

आणि गंमत बघा, ज्या बदनामीला घाबरून लपवलं ती बदनामी आलीच. लोकांना लग्न माहीत नव्हतं, येणारा-जाणारा पुरुष मात्र दिसत होता. समोरच्या घरातल्या बाईने जिन्यात चिमणीला थांबवून विचारलं, "तुमच्याकडे ते येतात ते कोण गं तुझे?" चिमणीने सांगितलं, "शिकवणीवाले." घरात येऊन दप्तर आपटलं आणि वहिनीवर ओरडली, "मी खोटं बोलले. तुझ्यामुळे. ते माझ्या आईचे नवरे आहेत एवढं साधं वाक्य मला बोलता येत नाही." वहिनी भाकरी थापत राहिली. घड्याळवाल्यांच्या हे कानावर गेलं आणि ते त्या दिवशी जेवायला आले नाहीत.

अशात हयातीच्या दाखल्याचा महिना आला. पेन्शन घेणाऱ्या प्रत्येकाला वर्षातून एकदा कोषागारात जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. अंगठा लावायचा, आणि विधवा असेल तर दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची. पुनर्विवाह केला आहे का? नोकरी करता का? इतकी वर्षं वहिनी दोन्हींना नाही म्हणत आली. पहिलं खरं होतं. दुसऱ्याला नाही म्हणताना मात्र तिला शिंप्याचं दुकान आठवायचं आणि घाम फुटायचा. या वर्षी दोन्हींनी घाम फुटणार होता.

आदल्या दिवशी काका येऊन पढवून गेले. "जास्त बोलायचं नाही. विचारलं तेवढंच उत्तर. नाही आणि नाही. संपलं." वहिनी मान हलवत होती. मला म्हणाली, "वन्सं, तू बरोबर ये. माझी जीभ वळली नाही तर तू सांग." मी म्हटलं, "अगं, नाही म्हणायला काय जीभ वळवायची आहे? मान हलवली तरी पुरे."

कोषागाराच्या त्या खोलीत भिंतीला लागून बाकं होती आणि बाकांवर म्हाताऱ्यांची दाटी. खोकणारे, डुलक्या घेणारे, एकमेकांची दुखणी मोजणारे. पंखा नुसता आवाज करत होता. वहिनी तरुण म्हणून सगळे तिच्याकडे पाहत होते. शेजारची एक आजी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "एवढ्या लहान वयात गं बाई! आणि तेव्हापासून एकटीच?" वहिनीने माझा हात इतका आवळला, की माझ्या बांगड्या रुतल्या. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. मीच म्हटलं, "सासू आहे, मुलगी आहे." आजी म्हणाली, "तेच ते. एकटीच."

नंबर आला. संगणकावर एक कारकून बाई बसल्या होत्या. दिवसभर अंगठेच अंगठे पाहून त्यांचा चेहरा अंगठ्यासारखाच सपाट झाला होता. त्यांनी वहिनीचा अंगठा यंत्रावर दाबला. यंत्राने ओळखलं नाही. पुन्हा दाबला, पुन्हा नाही. शिवणकामाने बोटं घासली गेलेली. "हात पुसा, दुसरं बोट द्या," बाई म्हणाल्या. वहिनी पदराला हात पुसत राहिली, पुसतच राहिली. तोवर बाईंनी पडद्यावर पुढचं उघडलं आणि आमच्याकडे न बघताच खटाखट दोन ठिकाणी टिचकी मारली. मी मान लांब करून पाहिलं. पुनर्विवाह, नाही. नोकरी, नाही. विचारलंसुद्धा नाही! एवढ्या म्हाताऱ्यांमध्ये कोणाला काय विचारायचं, सवयीने हात आपोआप चालत होता.

माझ्या जिवात जीव आला. देवाने न मागता दिलं म्हणायचं. खोटं बोलायचीही गरज नाही, दुसऱ्याच्या बोटानेच काम झालं. आता फक्त अंगठा उमटायचा बाकी होता. "लाव, लाव पटकन," मी वहिनीला ढोसलं.

तिने बोट पुढे नेलं. आणि यंत्राच्या वर आणून थांबवलं.

"बाई, ते पहिलं बदला," ती म्हणाली. आवाज इतका बारीक, की मलाच आधी ऐकू आला नाही.

"काय बदलू?"

"मी लग्न केलंय."

बाकांवरची खोकणारी माणसंसुद्धा खोकायची थांबली. मला वाटलं, जमीन दुभंगून आत घ्यावं, आणि मला एकटीलाच नाही, काकांनाही ओढून न्यावं. "वहिनी!" मी म्हटलं. "नाही वन्सं," ती म्हणाली, "माझी मुलगी खोटं बोलली. एक बास झालं." या वेळी वाक्य सरळ आलं.

कारकून बाईंनी पहिल्यांदा मान वर केली आणि आम्हाला आतल्या खोलीत मोठ्या बाईंकडे पाठवलं. पेन्शन बघणाऱ्या अधिकारी त्याच. जाड काचांचा चष्मा, टेबलावर अर्धा खाल्लेला डबा, झाकण तिरकं. आम्ही उभ्याच होतो. वहिनीच्या डोळ्यांपुढे पोलीस दिसत असणार, हे मला तिच्या मानेवरून कळत होतं.

"लग्न कधी केलंत?"

वहिनीने तारीख सांगितली. "पण नोंदणी नाही केलेली," मी मध्येच घुसले. काकांचं शेवटचं अस्त्र.

मोठ्या बाई हसल्यादेखील नाहीत. "नोंदणी हा तुमचा प्रश्न. आम्ही लग्न झालं का एवढंच विचारतो. मुलं आहेत?"

"एक मुलगी. शाळेत आहे."

"मग बसा आधी."

बसल्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी नीट ऐकलं, कारण वहिनीच्या कानात काही शिरत नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं. लग्नाच्या तारखेपासून वहिनीची स्वतःची पेन्शन बंद. पण ती पेन्शन मरत नाही, तर मुलीकडे जाते. मुलगी पंचवीस वर्षांची होईपर्यंत, तिचं लग्न होईपर्यंत किंवा ती स्वतः कमवायला लागेपर्यंत, यातलं जे आधी होईल तोवर. ती अठरा वर्षांची होत नाही तोवर पालक म्हणून पैसे आईनेच उचलायचे.

"मी? मी तर आता दुसऱ्याची..." वहिनी अडखळली.

"लग्न केलं म्हणून आई असणं थांबतं का?" मोठ्या बाई जरा चिडूनच म्हणाल्या. "मुलीच्या नावाने तुमच्या यजमानांच्या खात्यात अर्ज करा, म्हणजे पहिल्या यजमानांच्या. तिथून नवा आदेश येईपर्यंत पैसे येणार नाहीत. मधल्या काळात तुम्ही घेतलेत ते चुकीने घेतलेत. पण त्याच तारखेपासून मुलीचं निघतं, तेव्हा ते त्यात वळतं करा असं मी लिहून पाठवते. मंजूर करणं वरच्यांच्या हातात आहे. लपवून वर्षं घालवली असती आणि मग कळलं असतं, तर मीही काही करू शकले नसते."

"तुरुंग नाही ना?" वहिनीने विचारलं.

"अहो बाई, तुम्ही स्वतः येऊन सांगताय!" त्यांनी कागद ओढला. "मूल नसतं तर लग्नानंतरही तुमचीच चालू राहिली असती, फक्त तुमचं उत्पन्न किती ते बघितलं असतं. असो. दुसरा प्रश्न. नोकरी करता?"

वहिनीने डोळे मिटले. एकदा खरं बोलायला लागलेला माणूस थांबत नाही. तिने शिंप्याचं दुकान, पिको-फॉल, रोख पैसे, सगळं सांगून टाकलं. इतकी वर्षं लपवलं, तेही घ्या वसूल करून, असंही म्हणाली.

मोठ्या बाईंचं पेन थांबलं. "हे कशाला लपवलंत?"

"पगार घेतला की पेन्शन बंद होते ना."

"कोणी सांगितलं? नवऱ्याच्या मागे बायकोला मिळणाऱ्या पेन्शनला तिच्या पगाराची अट नाही. कमाईची अट मुलांना असते. या रकान्यावरून फार तर महागाई भत्त्याचं बघतात. मूळ पेन्शन नाही जात."

काकांच्या छापखान्यातली ती मुलगी माझ्या डोळ्यांपुढे आली. काका खोटं बोलले नव्हते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं ते मुलीचं होतं, आणि सांगितलं ते सुनेला.

वहिनी हळू आवाजात म्हणाली, "खात्याने मला जागा देऊ केली होती. त्यांच्या जागी. पाणीपट्टीच्या खिडकीवर."

"अनुकंपेची? मग घ्यायचीत की."

"ती घेतली असती तरी...?"

"तरी पेन्शन मिळाली असती. दोन्ही मिळालं असतं."

"आता मिळेल?"

"ते खातं सांगेल. पण त्याला मुदत असते. आणि तुम्ही लेखी नकार दिला असेल तर..." त्यांनी पुढचं बोलायचं टाळलं आणि डब्याचं झाकण नीट लावलं.

वहिनी रडली नाही. सही कुठे करायची ते विचारलं, तिथे केली. बाहेर आलो तेव्हा ती आजी अजून बाकावर होती. वहिनी तिच्यापाशी थांबली आणि म्हणाली, "आजी, मी एकटी नाही. माझं लग्न झालंय." आजीने आधी तोंडाला पदर लावला आणि मग म्हणाली, "बरं केलंस."

रस्त्याने मी बडबडत होते. काकांना असं सुनावते, तसं सुनावते. वहिनी मध्येच फुटपाथवर थांबली. "वन्सं, पाणीपट्टीच्या खिडकीवर आता ती कुरळ्या केसांची बाई बसते ना? मी दर वेळी बिल भरायला जाते तेव्हा तिच्याकडे बघते. तिने नुकतंच घर घेतलं." एवढंच म्हणाली आणि चालायला लागली. 

घरी आईला सांगणं सगळ्यात अवघड. पेन्शन आता चिमणीच्या नावाने येईल, आणि आदेश येईपर्यंत काहीच येणार नाही, हे ऐकून आईने डोळ्यांना पदर लावला. "आणि पोरगी पंचवीसची झाली की? मग माझी औषधं?" तिच्या तोंडून मनातलं एकदम बाहेर पडलं, आणि मग तिला स्वतःचीच लाज वाटली. चिमणी म्हणाली, "आजी, पंचवीसपर्यंत मी कमवायला लागेन. नाहीतर तू मला घराबाहेर काढ." घड्याळवाले दारातच उभे होते. ते त्या दिवशी प्रथमच चपला कोपऱ्यात, आत काढून ठेवून बसले. त्यांनी आईची गोळ्यांची डबी उघडली, उरलेल्या गोळ्या मोजल्या आणि म्हणाले, "महिनाभर पुरतील. पुढचं मी बघतो." कसं बघणार ते ना त्यांनी सांगितलं, ना कोणी विचारलं. सगळ्यांनाच ठाऊक होतं, की ते मोघम आहे.

संध्याकाळी काका आले. चौकशीला. काठी दाराला टेकवली, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "झालं ना? नाही आणि नाही?"

माझी जीभ शिवशिवत होती. वहिनीने मला डोळ्यांनी गप्प केलं. तिने चहा ठेवला, गाळला, कप त्यांच्या हातात दिला. मग समोर स्टुलावर बसून सगळं सांगितलं. लग्नाचं खरं सांगितलं तेव्हा काकांचा चेहरा तांबडा झाला. "मूर्खपणा! मी एवढं पढवलं..." ती थांबली नाही. मुलीकडे पेन्शन जाते ते सांगितलं. मग नोकरीचं सांगितलं. पगाराने पेन्शन कधीच जाणार नव्हती. खिडकीवरची जागा आणि पेन्शन, दोन्ही मिळालं असतं.

काकांचा चष्मा नाकावर घसरला, पण त्यांनी तो पुसायला काढला नाही.  म्हातारा माणूस एकाएकी आणखी म्हातारा झालेला मी त्या दिवशी पाहिला. सुनावायचं ठरवलेलं सोडून मी त्यांची घसरणारी काठी नीट टेकवली.

"मी..." ते म्हणाले, "मी तुझ्या भल्यासाठीच सांगितलं होतं गं, सूनबाई."

"माहीत आहे, काका," वहिनी म्हणाली. "म्हणूनच तर ऐकलं."

काका चहा तसाच ठेवून उठले. कोणी त्यांना बसा म्हटलं नाही.